महिनाभर घंटागाडीला काही द्यायचं नाही : सांगलीतल्या आमच्या घराची डायरी

गच्चीवरची_तुळस | २ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. सासूबाई, आम्ही दोघं, बारावीतली लेक आणि सातवीतला मुलगा अशी घरात पाच माणसं. जानेवारीचा पूर्ण महिना घंटागाडीत शक्यतो काहीच टाकायचं नाही असं ठरवलं होतं. रोज रात्री जेवणं झाली की दिवसभराचा कचरा वजनकाट्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. त्या वहीतलं थोडं थोडं इथे उतरवते.

हे कुठून सुरू झालं ते आधी सांगते. दिवाळीच्या आवराआवरीत आमच्याकडून एक लोणच्याची बरणी फुटली. काचा मी तशाच काळ्या पिशवीत भरल्या. सकाळी गाडीवरच्या मावशींनी पिशवी उचलली आणि काच त्यांच्या तळहातात घुसली. हळद लावली, पट्टी बांधली, त्यांना दवाखान्यातही नेलं. त्या म्हणाल्या, "असू दे वहिनी, रोजचंच हाय." ते 'रोजचंच' माझ्या डोक्यातून जाईना.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. काहीही न बदलता नुसतं वजन केलं, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळावं. सात दिवसांत ९ किलो ६०० ग्रॅम भरले. त्यात ओला कचरा ७ किलो २००, कागद-पुठ्ठा-प्लास्टिक १ किलो ९०० आणि बाकीचं, म्हणजे सॅनिटरी पॅड, केर, फुटकंतुटकं मिळून ५००.

पहिला धक्का इथेच बसला. आम्ही सगळे प्लास्टिकच्या नावाने ओरडत होतो. आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या चार दूधपिशव्या येतात. आठवड्याच्या अठ्ठावीस पिशव्या धुऊन वाळवून काट्यावर ठेवल्या तर सगळ्या मिळून ८० ग्रॅमसुद्धा भरल्या नाहीत. डबा मात्र त्यांनीच फुगलेला दिसायचा. खरं ओझं होतं भाजीची देठं, सालं आणि उरलेलं अन्न. उरलेली पोळी आणि भातच १ किलो २०० ग्रॅम निघाला. सासूबाईंनी तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कणीक भिजवायच्या आधी त्या प्रत्येकाला विचारायला लागल्या, "किती खाणार? आत्ता सांग." ती सवय अजून टिकून आहे.

१ जानेवारी. रंगाचे दोन रिकामे ड्रम आणले, ५० लिटरचे. स्वच्छ धुऊन नवऱ्याने ड्रिलने सगळीकडून भोकं पाडली, करंगळी जाईल एवढी. बुडालाही पाडली. खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला. शेजारच्या नर्सरीतून जुनं खत दोन ओंजळी आणून विरजण म्हणून घातलं. एक ड्रम गच्चीवर लागला, दुसरा रिकामा ठेवला.

५ जानेवारी. दूध बंद पिशवीचं थांबवून रतीब लावला. गवळी किटलीतून माप घालतो. साय बोटभर येते, सासूबाई खूश.

८ जानेवारी. संध्याकाळचं दूध नासलं. गवळ्याला बोलणार होते, पण सासूबाईंनी बरणीचं झाकण हातात घेतलं आणि आतली रबरी रिंग नखाने उचकटून काढली. रिंगेखाली पिवळट चिकट थर होता. आम्ही बरणी रोज घासत होतो, रिंग एकदाही काढली नव्हती. पिशवीतलं दूध आधीच तापवून थंड केलेलं असतं. हे कच्चं, त्यात रिंगेतलं जुनं दूध म्हणजे विरजणच. आता रिंग रोज काढून गरम पाण्यात टाकतो आणि दूध आलं की लगेच गॅसवर. परत नासलेलं नाही.

पुढचं उद्या टाकते. भोगीपासून खरी परीक्षा सुरू झाली.

---

मिरजमळा | २ फेब्रुवारी

छान लिहिलंय. दूधपिशवीबद्दल एक सांगू का? आम्ही पिशवीचा कोपरा कापतो आणि तो बारका तुकडा सिंकमध्ये जातो किंवा केरात. पिशवी भंगारवाला घेतो, तो तुकडा कोणीच घेत नाही. कोपरा पूर्ण न कापता नुसता चिरला, लोंबता ठेवला, की पिशवीबरोबर राहतो. रतीब सगळ्यांना जमणार नाही, हे तरी जमेल.

गच्चीवरची_तुळस | २ फेब्रुवारी

मिरजमळा, अगदी खरं. वजन करताना आम्हाला डब्याच्या तळाशी असे एकवीस तुकडे सापडले होते.

राजाभाऊ_के | २ फेब्रुवारी

आमच्या गावात घंटागाडी चार-चार दिवस येत नाही. आली तर भोंगा वाजवून अर्ध्या मिनिटात पुढे. तक्रार कुठे करायची ते कोणी सांगेल का? तुमच्याकडे रोज येते का?

गच्चीवरची_तुळस | २ फेब्रुवारी

राजाभाऊ, आमच्याकडे येते. माझा धागा तक्रारीचा नाही, पण तुमची अडचण खोटी नाही. ओला कचरा घरात थांबला नाही तर चार दिवस गाडी नाही आली तरी घराला वास येत नाही, एवढं मला या महिन्यात कळलं. तक्रारीचं इथे कोणाला माहीत असेल तर सांगतील.

---

गच्चीवरची_तुळस | ३ फेब्रुवारी

पुढचा भाग.

१३ जानेवारी, भोगी. आमच्याकडे भोगीच्या भाजीला मटार, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं सगळं लागतं. जाऊबाईही आल्या, दहा माणसांचा स्वयंपाक. मटाराच्या शेंगा सोलल्या, पावटा सोलला, हरभऱ्याचे डहाळे झोडले. रात्री वजन केलं तर एका दिवसात २ किलो ६०० ग्रॅम ओला कचरा. रोजचा सरासरी किलोभर. पाला संपत आला होता. मी सगळं तसंच ड्रममध्ये ओतलं, वर मूठभर पाला टाकला आणि झाकण लावलं. संक्रांतीची गडबड होती, दोन दिवस गच्चीवर कोणी गेलंच नाही.

१६ जानेवारी. मुलगा कपडे वाळत घालायला वर गेला आणि नाक धरून खाली आला. झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास. मधोमध काठी घातली तर खालचा थर हिरवट काळा, चिखलासारखा. मटाराच्या शेंगा एकीला एक चिकटून चटईसारख्या बसल्या होत्या. बुडाच्या भोकांतून काळं पाणी ठिबकत होतं आणि फरशीवर डाग पडला होता. शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "काही मेलंय का गं तुमच्याकडे?"

त्या संध्याकाळी मला सगळं बंद करावंसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या उजेडात बघू.

१७ जानेवारी. जुनं फ्लेक्स पसरून ड्रम पालथा केला. चिखल हाताने मोकळा केला, शेंगांची चटई फाडली. पाला नव्हता म्हणून लेक कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून उसाची चिपाडं घेऊन आली, दोन पोती. त्यातलं एक तोडून मिसळलं आणि पुन्हा भरलं. संध्याकाळपर्यंत सडका वास गेला. मला वाटलं, जिंकलो.

१९ जानेवारी. मुंग्या. गच्चीच्या कठड्यावरून ड्रमपर्यंत जाड काळी रांग. झाकणाखाली चिलटांचा ढग. वास आता सडका नव्हता, ताडी आंबल्यासारखा आंबट होता.

इथे कोणी जाणकार असेल तर सांगा, चिपाडं घालण्यात चूक झाली का? मी नंतर काहीतरी केलं आणि ते चाललं, पण का चाललं ते मला नीट माहीत नाही.

---

पाचट_कुट्टी | ३ फेब्रुवारी

ताई, मी वाळवा तालुक्यातला, ऊसवाला माणूस. तुमची चूक चिपाडं घालण्यात न्हाई, वली चिपाडं घालण्यात हाय. रसवंतीचा चरक कितीबी पिळू दे, चिपाडात साखर ऱ्हातीच. चोखून बघा, गोड लागतंय. मग मुंगी येणार, चिलट येणार, साखर आंबणार. तीच चिपाडं तीन-चार दिस कडक उन्हात पसरून, कुरकुरीत झाली की कात्रीनं चार बोटाचं तुकडं करून घाला. लांब ठिवली तर जाळं हुतंय, हलवायला येत न्हाई. त्यापरीस पाचट बरं. वाळकं असतंय, गोडवा नसतोय. आत्ता तोडी चालू हायत, रानात कोणबी पोतंभर देईल. आमच्याकडं पाचट पेटवत्यात त्याचं मला लई वाईट वाटतंय. मी पाच वर्षं झालं पेटवत न्हाई, कुट्टी करून सरीतच कुजवतो.

आता सडल्याचं कारण. मटाराच्या शेंगा वल्या, वर दाब, मधी हवा न्हाई. हवा संपली की सडका अंड्याचा वास येतोय. नाकात झोंबणारा, गोठ्यातल्या मुताचा वास आला असता तर निराळं दुखणं, हिरवं जास्ती अन् वाळकं कमी. दोन्हीवर औषध एकच, वाळकं घाला अन् हलवा. पण नाकानं वळखायला शिका, आधीच कळतंय.

वल किती हवी ते बघायला मूठभर घेऊन करकचून दाबा. बोटाच्या बेचक्यात दोन-चार थेंब दिसले अन् मूठ उघडल्यावर लाडू टिकला तर ठीक. धार लागली तर वाळकं घाला. भुगा होऊन सांडला तर पाणी शिंपडा. तुम्ही काय केलं ते सांगा.

गच्चीवरची_तुळस | ३ फेब्रुवारी

दादा, फार आभार. मी केलं ते असं. उरलेलं चिपाडाचं एक पोतं गच्चीवर पसरलं होतं, ते तीन दिवसांनी वाळलं तेव्हा मिसळलं. ड्रम चार विटांवर उचलला आणि विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढू नयेत. दर दोन दिवसांनी काठीने खालपासून हलवायला लागले. आणि पाल्याचं माप ठरवलं. एक मग ओलं टाकलं की वर दीड मग वाळकं, मग घाई असो वा नसो. २४ तारखेपर्यंत चिलटं नाहीशी झाली. शेंगा आता हाताने मोडून टाकते, अख्ख्या नाही.

घनश्याम_पुणे | ३ फेब्रुवारी

माफ करा, पण या सगळ्यात मूळ मुद्दा राहतो आहे. खत व्हायला आतलं तापमान ५५ ते ६० डिग्रीपर्यंत जायला हवं. तेवढं तापलं नाही तर ते खत नाही, नुसता सडलेला भाजीपाला. ५० लिटरच्या ड्रममध्ये एवढी उष्णता धरत नाही. कमीत कमी एक घनमीटरचा ढीग लागतो. सोसायटीने मिळून केलं तरच अर्थ आहे.

गच्चीवरची_तुळस | ३ फेब्रुवारी

घनश्यामजी, मुलाने स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळजवळ रोज सकाळी खुपसून आकडे लिहिले आहेत. जास्तीत जास्त ४१ डिग्री, तेही ड्रम उलथून पुन्हा भरला त्याच्या तिसऱ्या दिवशी. एरवी ३० च्या आसपास. तरीही पहिल्या पंधरवड्याची सालं आता ओळखू येत नाहीत. मग हे काय आहे?

पाचट_कुट्टी | ३ फेब्रुवारी

साहेबांचं अर्धं बरोबर हाय. मोठा ढीग तापतोय, त्यात तणाचं बी मरतंय, रोगाचं जंतू मरत्यात, काम लवकर उरकतंय. पण तापल्याबिगर कुजत न्हाई असं न्हाई. जंगलात पानं कुठं साठ डिग्रीला तापत्यात? थंड ढिगात बारकं जीव, बुरशी, गांडूळ काम करत्यात, वेळ लागतोय एवढंच. ताईंनी फक्त एक ध्यानात ठेवावं. टोमॅटोचं, मिरचीचं बी मरणार न्हाई, कुंडीत उगवणारच. अन् रोगट झाडाचा पाला त्यात घालू नये.

घनश्याम_पुणे | ३ फेब्रुवारी

बी आणि रोगजंतूंबद्दल मलाही तेच म्हणायचं होतं. वेळ किती लागेल ते मात्र बघावं लागेल.

अंबाबाईचा_कट्टा | ४ फेब्रुवारी

एवढा त्रास कशाला? बाजारात हिरव्या रंगाच्या कुजणाऱ्या पिशव्या मिळतात, त्यावर कम्पोस्टेबल लिहिलेलं असतं. त्यात कचरा भरायचा, गाठ मारायची, ड्रममध्ये टाकायचं. पिशवीसकट खत.

गच्चीवरची_तुळस | ४ फेब्रुवारी

आम्हालाही तसंच वाटलं होतं. एका फराळवाल्याने भडंग तसल्या पिशवीत दिलं होतं. २ जानेवारीला मी ती पिशवी मुद्दाम ड्रममध्ये टाकली, सुतळी बांधून, म्हणजे परत सापडावी. १७ तारखेला ड्रम पालथा केला तेव्हा ती जशीच्या तशी होती, फक्त मळलेली. ३१ तारखेला पुन्हा काढली. कडा थोड्या मऊ झाल्या होत्या, पण अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. शेजारी पडलेलं केळीचं साल मात्र पूर्ण गेलं होतं.

घनश्याम_पुणे | ४ फेब्रुवारी

इथे माझा तापमानाचा मुद्दा लागू पडतो. त्या पिशव्यांना जे प्रमाणपत्र मिळतं ते मोठ्या खतप्रकल्पातल्या परिस्थितीसाठी. तिथे ५८ डिग्रीच्या आसपास अनेक आठवडे ठेवून चाचणी करतात. घरच्या ४१ डिग्रीच्या ड्रममध्ये ती पिशवी कुजेल असं कोणी म्हटलेलंच नसतं. पिशवी खोटी नाही, जागा चुकीची आहे.

पाचट_कुट्टी | ४ फेब्रुवारी

ह्ये मात्र मला म्हाईत नव्हतं साहेब.

---

गच्चीवरची_तुळस | ५ फेब्रुवारी

हळदी-कुंकवाचं लिहायचं राहिलं. ओल्या कचऱ्यापेक्षाही मला याचं जास्त आश्चर्य वाटलं.

आम्ही किराणा सुटा आणायचो, कापडी पिशव्या शिवून घेतल्या होत्या. भडंगाला स्टीलचा डबा घेऊन जायचो. दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणतो आणि मग भरतो, एवढं सोपं होतं. म्हणजे आम्ही विकत आणलेला कचरा जवळजवळ थांबला होता. पण १५ जानेवारीपासून वहीतला कोरड्या कचऱ्याचा आकडा पुन्हा चढायला लागला. कारण मी रोज संध्याकाळी हळदी-कुंकवाला जात होते.

२१ जानेवारीपर्यंत मी सात घरी गेले. वाणात आलं ते असं. प्लास्टिकचा डबा दोन, साबणाची डबी, चहाची गाळणी, कंगवा, मोबाइल ठेवायचा स्टँड, मसाल्याचा चमचा. सात वस्तू, ४१० ग्रॅम. शिवाय प्रत्येक वस्तू पातळ पिशवीत आणि तिळगूळ वेगळ्या पुडीत. यातलं मी स्वतःहून काहीच विकत घेतलं नव्हतं. नाही म्हणायचं तरी कसं? दारात सवाष्ण आली की तिला वाण न देता पाठवत नाहीत, आणि दिलेलं वाण परत करत नाहीत.

आमचं हळदी-कुंकू २३ जानेवारीला होतं. मी म्हटलं, आपण सांगलीत राहतो, हळदीच्या पेठेच्या गावात. वाण हळकुंडाचं देऊ. पाच हळकुंडं सुती कापडाच्या बटव्यात. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वाण ही वापरायची वस्तू असते, तिने वर्षभर हातात यावी आणि देणारीची आठवण यावी. हळकुंड कोण घरी कुटणार? मला राग आला होता, पण त्या बोलल्या त्यात तथ्य होतं. आज किती घरी हळकुंडं कुटतात? ती माळ्यावर पडली असती आणि पुढच्या वर्षी किडकी म्हणून टाकली गेली असती.

शेवटी हळकुंडं गिरणीतून दळून आणली आणि स्टीलच्या छोट्या वाटीत हळद भरून, वर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून दिली. चव्वेचाळीस वाट्या. दळताना वजनात थोडी घट आली ती धरून खर्च प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा दीडपट झाला, हे खरं सांगायला हवं. तीन बायकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून हळद कुठून घेतली ते विचारलं. एकीने कापड परत पाठवलं, धुऊन, इस्त्री करून.

निंबोणी | ५ फेब्रुवारी

वाटीची कल्पना आवडली. पण दीडपट खर्च सगळ्यांना परवडत नाही हो. आमच्या चाळीत प्लास्टिकची डबी हेच परवडणारं वाण. त्या बायकांना नावं ठेवू नका.

गच्चीवरची_तुळस | ५ फेब्रुवारी

निंबोणी, नावं ठेवायचा हेतू अजिबात नव्हता, तसं वाटलं असेल तर माफ करा. त्या सातपैकी पाच वस्तू आम्ही वापरतोच आहोत. मला सांगायचं होतं ते एवढंच की आपण कितीही कमी विकत घेतलं तरी घरात येणारा कचरा फक्त आपल्या हातात नसतो.

गावभागातली_मी | ५ फेब्रुवारी

आम्ही गावभागात. २०१९ च्या पुरात आमचं तळमजल्याचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, पुस्तकं, धान्य, सगळं रस्त्यावर काढून टाकलं. गल्लीत माणसाच्या उंचीचे ढीग होते. त्यानंतर मी घरात वस्तू आणतानाच दहा वेळा विचार करते. ताई, एक सांगते, ड्रम गच्चीवर ठेवलात ते चांगलं केलंत. आमच्यासारखी कृष्णेजवळ राहणारी कोणी करणार असेल तर अंगणात किंवा जिन्याखाली ठेवू नका. अर्धवट कुजलेला ड्रम पुराच्या पाण्यात तरंगून गेला तर त्याची घाण लोकांच्या घरात जाते.

---

औषधी_कोपरा | ६ फेब्रुवारी

तुमच्या घरात सासूबाई आहेत, त्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्सचं काय केलंत? मी औषधाच्या दुकानात बसतो. काही उत्साही लोक गोळ्या स्ट्रिपमधून काढून एका डबीत भरतात आणि रिकामी पाकिटं 'कमी करतात'. तसं कृपा करून करू नका. बऱ्याच गोळ्यांना दमट हवा चालत नाही आणि कोणती गोळी कोणती, मुदत कधीची, हे कळेनासं होतं.

गच्चीवरची_तुळस | ६ फेब्रुवारी

बरं झालं विचारलंत. सासूबाईंना बीपी, साखर आणि थायरॉइड अशा तिन्ही गोळ्या आहेत. महिन्यात रिकाम्या पट्ट्या जमल्या त्या २०० ग्रॅमच्या आसपास, त्यात नवऱ्याच्या कॅल्शियमच्या आणि आमच्या सर्दीतापाच्याही आल्या. भंगारवाल्याने हातात घेऊन परत दिल्या. एका बाजूला अॅल्युमिनियम, एका बाजूला प्लास्टिक, दोन्ही चिकटलेलं, ते वेगळं करणं त्याला परवडत नाही. बिस्किटांच्या, वेफरच्या पुड्यांचंही तेच. आतून चंदेरी दिसणारं काहीही तो घेत नाही. हे आम्ही शेवटी गाडीतच दिलं.

औषधी_कोपरा | ६ फेब्रुवारी

थायरॉइडच्या गोळ्या शंभराच्या बाटलीतही येतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून, तीच कंपनी आणि तीच मात्रा मिळत असेल तरच घ्या. मध्येच कंपनी बदलू नका. बाटली भंगारात जाते. बाकीच्या दोन गोळ्यांना मला तरी पर्याय दिसत नाही.

नवीन_बाबा | ६ फेब्रुवारी

आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, वन बीएचके, बाल्कनी नाही. दिवसाला पाच डायपर. हा धागा वाचून बायको रडली, म्हणाली आपण किती घाण करतो. आम्ही काय करायचं?

गच्चीवरची_तुळस | ६ फेब्रुवारी

अहो, तिला सांगा, ही वेळ कचरा मोजायची नाही. माझ्या लेकीचीच गोष्ट सांगते. मी कापडी पॅडवर गेले, मला जमलं. तिने स्पष्ट नाही म्हटलं. बारावीचं वर्ष, क्लास, प्रॅक्टिकल, सात-आठ तास बाहेर, बदललेलं कापड ठेवायला जागा नाही. मी आग्रह केला नाही. महिन्याच्या शेवटच्या आकड्यात सगळ्यात मोठा वाटा तिच्याच पॅडचा आहे आणि तो तसाच राहणार. फक्त ते कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे देतो, म्हणजे गाडीवरच्या मावशींना उघडून बघावं लागू नये. डायपरचंही तेवढं करा. घरी असताना दुपारचं एखादं लंगोट जमलं तर बघा, नाही तर नाही.

निंबोणी | ६ फेब्रुवारी

माझ्या दोन्ही मुलांना मी लंगोटच वापरली. पण सासू घरात होती आणि धुवायला बाई होती. एकटीला जमलं नसतं.

---

गच्चीवरची_तुळस | ८ फेब्रुवारी

शेवटचं पान उतरवते.

३१ जानेवारी. महिन्याचा ओला कचरा २६ किलो. डिसेंबरच्या हिशोबाने ३२ व्हायला हवा होता. भोगी, संक्रांत धरूनही कमी झाला तो उरलेलं अन्न घटल्यामुळे. सगळा दोन ड्रममध्ये गेला. पहिला १७ तारखेनंतर भरला, दुसरा आता अर्ध्यावर आहे. रद्दी-भंगारवाल्याकडे ६ किलो ४०० ग्रॅम, त्यात मोठा भाग वर्तमानपत्रं आणि कुरिअरची खोकी. गाडीत दिलं ते १ किलो ९०० ग्रॅम. पॅड ८००, चंदेरी पुड्या ७००, गोळ्यांच्या पट्ट्या २००, बाकी केर आणि फुटका बल्ब. बल्ब खोक्यात घालून, वर 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहून मावशींच्या हातातच दिला. त्यांनी तो गाडीच्या पुढच्या बाजूला वेगळा ठेवला.

महिना संपला तरी खत तयार नाही. मी उगीच धरून चालले होते की ३१ तारखेला कुंड्यांना घालू. पहिल्या ड्रममधला माल काळसर झाला आहे, पण आत अजून कोमट आहे आणि चिपाडाचे तुकडे दिसतात.

पाचट_कुट्टी | ८ फेब्रुवारी

घाई करू नका. अजून दीड-दोन महिनं तरी. वरून नवीन काही घालू नका, नुसतं आठवड्याला हलवा अन् वल बघा. झालं का न्हाई ते मेथीला विचारा. वाटीत खत भरून मेथीचं दाणं पेरा, दुसऱ्या वाटीत साधी माती. खत कच्चं असंल तर मेथी उगवत न्हाई, न्हाईतर उगवून पिवळी पडती.

राजाभाऊ_के | ९ फेब्रुवारी

घंटागाडीच्या तक्रारीचं कोणी सांगितलंच नाही.

---

गच्चीवरची_तुळस | २२ मार्च

धागा वर काढते आहे. ८ मार्चला पहिल्यांदा मेथी पेरली होती. खताच्या वाटीत पंधरापैकी सहाच दाणे उगवले, त्यातले दोन पिवळे. मातीच्या वाटीत चौदा. ड्रम पुन्हा हलवला आणि काही दिवस झाकण अर्धं उघडं ठेवलं. १६ तारखेला दुसऱ्यांदा पेरली. आज सहावा दिवस, खताच्या वाटीत तेरा उगवले आहेत, पानं हिरवी. चाळणीने चाळल्यावर पहिल्या ड्रममधून पाच किलोच्या आसपास बारीक खत निघालं, ओल्या मातीचा वास येतो. चाळणीवर राहिलेली चिपाडं दुसऱ्या ड्रममध्ये परत टाकली. सुतळी बांधलेली ती हिरवी पिशवीही चाळणीवरच राहिली. ती आता कुठे द्यायची, हे घनश्यामजींना विचारायचं होतं.

आणि पाचट_कुट्टी दादा, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. खत घातलेल्या गुलाबाच्या कुंडीत टोमॅटोची दोन रोपं आली आहेत. सासूबाई ती उपटू देत नाहीत.